नंबरपॅड नसलेला कीबोर्ड हिशोबाच्या कामाले चालते का? आधी डावा हात पहा

आमच्या इकडं, म्हणजे हिंगणघाटच्या पट्ट्यात, कापसाचा सीझन सुरू झाला की जिनिंगच्या ऑफिसात काट्याच्या पावत्या मारायले पोरं लागतात, मी सीझनभर तेच काम करतो आणि बाकीचे महिने कृषी केंद्रवाल्यांचं टॅली पाहतो. तर यावर्षी एक नवीन पोरगा आला, हुशार पोरगा, बी.कॉम. झालेला, आणि येताना सोबत स्वतःचा कीबोर्ड घेऊन आला. छोटासा, गोंडस, खटखट आवाज करणारा, उजवीकडचा आकड्यांचा चौकोनच नाही. म्हणे, "भाऊ, टेबलावर जागा कमी लागते, माउस जवळ राहते, हात दुखत नाही." मी म्हटलं चालव बाप्पा, आपलं काय जाते.

चौथ्या दिवशी तो आपणहून ऑफिसचा जुना मोठा कीबोर्ड लावून बसला होता.

मजा म्हणजे तो पोरगा टायपिंगमध्ये माझ्यापेक्षा फास्ट आहे, वरच्या ओळीतले आकडे तो न पाहता मारतो. मग अडलं कुठं? मीही दोन दिवस नुसता पाहत होतो तेव्हा समजलं की अडचण त्याच्या उजव्या हातात नव्हतीच, डाव्या हातात होती.

कीबोर्डच्या वरच्या ओळीत १ ते ५ आकडे डाव्या हाताचे आणि ६ ते ० उजव्या हाताचे, म्हणजे कोणतीही रक्कम मारायची तर दोन्ही हात कीबोर्डवर पाहिजेत. नंबरपॅडवर सगळे आकडे एकाच हाताच्या तीन बोटांत आणि अंगठ्यात येतात, त्यामुळं दुसरा हात मोकळा. आता पावत्यांचा गठ्ठा समोर आहे, एक पावती वाचली, पालटली, दुसरी घेतली, त्यात एखादी घामानं चिकटलेली, एखाद्या पावतीवर काट्यावाल्याचं अक्षर असं की बोट ठेवून वाचावं लागते. हे सगळं कोण करणार, डावाच हात ना. तो पोरगा प्रत्येक पावतीले डावा हात कीबोर्डवरून उचलायचा, पावती पालटायचा, परत आणून ठेवायचा, आणि परत ठेवताना बोटं बरोबर जागी पडली का हे पाहायले डोळे कागदावरून खाली यायचे. डोळे खाली आले की कागदावरची ओळ हरवली.

आमच्या कामाचाच हिशोब करून दाखवतो. एका पावतीत मला एवढं मारावं लागते: गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे, भरलेल्या गाडीचं वजन चार आकडे, रिकाम्या गाडीचं वजन चार आकडे, भाव चार आकडे, आणि शेतकऱ्यानं आधी घेतलेली उचल, ती समजा पाच आकडे. झाले २१. प्रत्येक रकान्यानंतर एन्टर, पाच एन्टर, म्हणजे २६ वेळा बटण दाबणं. दिवसाला १८० पावत्या धरल्या तर ४६८० वेळा. सरकारी डेटा एन्ट्रीच्या परीक्षेत ताशी ८००० बटणांचा वेग मागतात (काही पदांना १५००० सुद्धा), तर ८००० च्या वेगानं हे ४६८० काम पस्तीस मिनिटांचं झालं. पण प्रत्यक्षात आम्हाले दोन तास लागतात! वरचा सगळा वेळ कागदाचा आहे, पालटणं, वाचणं, टिक मारणं. म्हणून "नंबरपॅडनं स्पीड वाढते" असं जे लोक सांगतात ते अर्धवट आहे, बोटाचा स्पीड थोडाबहुतच वाढतो, कागदाचा वेळ वाचतो तो जास्त.

म्हणून माझा नियम एकच आहे, आकडे कुठून येतात ते पहा. कागदावरून येत असतील, पावत्या, बिलं, रोकड वही, सातबाऱ्याची झेरॉक्स, तर नंबरपॅड पाहिजेच. आकडे स्क्रीनवरूनच येत असतील, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये डाउनलोड झालं, जीएसटीच्या पोर्टलवरून फाइल उतरवली आणि तुमचं काम नुसतं जुळवणं, शोधणं, फिल्टर लावणं आहे, तर छोटा कीबोर्ड उलट चांगला, कारण तिथं उजवा हात दिवसभर माउसवर जातो. मोठा कीबोर्ड साधारण ४४ सेंटिमीटर रुंद असते, नंबरपॅड काढलेला ३६ च्या आसपास. ते मधले आठ सेंटिमीटर माउस उजवीकडं ढकलतात, आणि दिवसभर कोपर बाहेर काढून बसलं की संध्याकाळी खांदा बोलतो. सीएच्या ऑफिसात रिटर्न भरणाऱ्या आमच्या एका ताईचा खांदा याच्यानंच धरला होता, तिनं छोटा घेतला, तिले बरं वाटते, आणि ती चुकीची नाही.

सेतू केंद्रवाल्यांचं मधलं प्रकरण आहे. त्यांचं नाव-गाव मराठीत, मग बारा आकड्यांचा आधार, मग दहा आकड्यांचा मोबाइल, परत पत्ता. सारखा अक्षर-आकडा-अक्षर, त्यामुळं नंबरपॅडवर जाऊन परत यायले लागणारा वेळ आणि वरच्या ओळीतून मारायचा वेळ जवळजवळ सारखाच पडते. त्यांनी ज्याची सवय असंल ते वापरावं.

आता नंबरपॅड आहे पण एकाच बोटानं टोचत असाल तर काहीच फायदा नाही, हे आधी सांगतो. पाचच्या बटणावर एक बारीक उंचवटा असते, हात लावून पहा. मधलं बोट तिथं ठेवायचं, अंगठ्याजवळचं बोट चारवर, करंगळीच्या शेजारचं सहावर. मग प्रत्येक बोट आपल्या उभ्या रांगेतच वरखाली जाते: पहिलं बोट ७-४-१, मधलं ८-५-२, तिसरं ९-६-३ आणि खालचा पॉइंट. शून्य अंगठ्यानं. एन्टर, अधिक आणि उणे करंगळीनं. हात सरकला तर मधल्या बोटाले उंचवटा लागत नाही, लगेच कळते, खाली पाहायची गरज नाही. आठ दिवस त्रास होते, पहिल्या दिवशी तर आधीपेक्षा हळू जाते, मग हात बसते.

नवीन पोरांची एक खास अडचण पाहिली मी. त्यांची बोटं मोबाइलवर शिकलेली, यूपीआयचा पिन, नंबर डायल करणं, आणि मोबाइलवर १-२-३ वर असते, ७-८-९ खाली. नंबरपॅडवर कॅल्क्युलेटरसारखं उलटं, ७-८-९ वर. मधली ४-५-६ ची ओळ दोन्हीकडं सारखीच. त्यामुळं घाईत त्यांचा १ च्या जागी ७, २ च्या जागी ८, ३ च्या जागी ९ पडते, किंवा याच्या उलट. आणि हे ओळखायची एक युक्ती आहे, ती आमच्या जुन्या दिवाणजींच्या नऊच्या युक्तीवरून मला सुचली.

दिवाणजींची युक्ती आधी सांगतो. काकाजी पंचाहत्तरीचे, कॉम्प्युटरले हात लावत नाहीत, पण तेरीज जुळली नाही की फरक घेतात आणि नऊनं भाग देऊन पाहतात. पूर्ण भाग गेला तर म्हणतात, "आकडे उलटेपालटे झाले हायेत बे, नाहीतर शून्य खाल्लं." समजा रोकड वहीत ४८३० आहेत आणि एन्ट्री ४३८० ची झाली, फरक ४५०, नऊनं भागले तर बरोबर ५०. शेजारशेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले की फरक नेहमी नऊच्या पटीतच येते. ४५०० च्या जागी ४५० मारले तरी फरक ४०५०, तोही नऊच्या पटीत, कारण दहापटीतून एकपट गेली की नऊपट उरते. हे वहीच्या जमान्यापासून चालत आलेलं आहे, कीबोर्डशी त्याचा संबंध नाही.

पण नंबरपॅडच्या स्वतःच्या चुका वेगळ्या असतात आणि त्या चौकोनाच्या आकारातूनच येतात. नंबरपॅडवर शून्य सोडलं तर खालच्या बटणापासून वरच्या बटणापर्यंत नेहमी तीनचा फरक आहे, १-४-७ पहा, २-५-८ पहा. म्हणजे बोट एक घर वर किंवा खाली घसरलं तर चूक ३, ३०, ३०० किंवा ३००० ची पडते. आडवं घसरलं तर १, १०, १०० ची. आणि मोबाइलची सवय असलेल्याची चूक सहाची, कारण १ आणि ७ मध्ये सहा, २ आणि ८ मध्ये सहा, ३ आणि ९ मध्ये सहा. वरच्या ओळीवर टायपिंग करणाऱ्याची घसरण बहुतेक एकचीच असते, कारण तिथं शेजारी फक्त डावा-उजवा, तीनची चूक तिथं सहसा होत नाही.

परवाच्या एका ट्रॉलीचं घ्या. भरलेलं वजन ४२८० किलो, रिकामी ट्रॉली १८६५, निव्वळ कापूस २४१५ किलो म्हणजे २४.१५ क्विंटल, भाव ७१५०, रक्कम १,७२,६७२ रुपये ५० पैसे. दिवसअखेर काट्याच्या रजिस्टरची बेरीज आणि आमची बेरीज जुळेना, आमच्याकडं कापूस ३० किलो जास्त दिसून राहिला होता. ३० म्हणजे तीनच्या घराण्यातला आकडा, दहाच्या जागेवर, तर मी सगळ्या पावत्या पहिल्यापासून न तपासता फक्त दहाच्या जागेवर ६ चा ३ किंवा तसं काही झालं का तेवढंच पाहत गेलो. रिकाम्या ट्रॉलीचं वजन १८६५ च्या जागी १८३५ पडलं होतं. सहावरून बोट खाली तीनवर. ट्रॉली हलकी झाली म्हणून कापूस भारी झाला, २४.४५ क्विंटल, आणि रक्कम २१४५ रुपयांनी जास्त. पाच मिनिटांत सापडलं, नाहीतर १८० पावत्या परत वाचत बसलो असतो आणि तोपर्यंत लाइन गेली असती.

दुसऱ्या एका दिवशी खरेदीच्या यादीत एका ओळीचा भावच १,१५० दिसला, बाकी सगळ्या ७,१५०. सहा हजारचा फरक. मी न विचारताच सांगितलं की ही ओळ कोणी मारली, कारण ऑफिसात मोबाइलवरून थेट नंबरपॅडवर आलेला एकच जण होता! (तो लाजला, पण मान्य केलं.)

याले मर्यादा आहेत. दिवसात दोन चुका झाल्या तर त्यांचे फरक एकमेकांत मिसळतात आणि आकडा काहीच सांगत नाही, एक ३० जास्त आणि एक ३० कमी झाली तर बेरीज तर जुळूनच जाते. शिवाय नऊ हा तीनचाही पट आहे, त्यामुळं ९० चा फरक आला तर आधी अदलाबदल शोधायची आणि मग बाकीचं. ही युक्ती फक्त कुठं आधी पाहायचं ते सांगते, तपासणीच्या बदल्यात वापरू नका.

आता नमलॉक. नंबरपॅडचा सगळ्यात मोठा घात इथं होते. त्याचा दिवा बंद असला की तेच बटण आकडा न देता दुसरं काम करते: ८ म्हणजे वरचा बाण, २ खालचा, ४ आणि ६ डावा-उजवा, ७ होम, १ एन्ड, ९ पेज अप, ३ पेज डाउन, ० इन्सर्ट, आणि पॉइंट म्हणजे डिलीट. ५ काहीच करत नाही. एक्सेलमध्ये कळून येते कारण कर्सर इकडंतिकडं पळायले लागते. टॅलीमध्ये जास्त धोका, तिथं व्हाउचर उघडं असताना पेज अप मागच्या व्हाउचरवर नेते, मग ९ दाबला आणि तुम्ही दुसऱ्याच एन्ट्रीत, आणि डोळे कागदावर असल्यामुळं तुम्हाले पत्ताच नाही. म्हणून आमच्याकडं लाइन जाऊन आली, कॉम्प्युटर परत चालू केला की सवय लावली आहे, पहिल्यांदा रिकाम्या जागी ५ मारायचा. आला तर ठीक.

ज्यांच्याकडं लॅपटॉप आहे त्यांनी वेगळं नंबरपॅड घ्यावं, यूएसबीचं, छोट्या कीबोर्डवाल्यांनाही तेच सांगतो. पण माझ्यावर एकदा काय बेतली ते ऐका. माझ्या जुन्या छोट्या लॅपटॉपले वेगळं नंबरपॅड लावलं, नमलॉक चालू केलं, काम झकास झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पासवर्ड घेईना. तीनदा मारला, पाचदा मारला, मी तर घाबरलो, वाटलं कोणी बदलला का. शेवटी युजर नेमच्या जागेत तोच पासवर्ड मारून पाहिला तर अक्षरांच्या मधे आकडे! झालं असं की काही लॅपटॉपमध्ये कीबोर्डच्या आतच एक लपलेलं नंबरपॅड असते, U I O वर ४ ५ ६, J K L वर १ २ ३ आणि M वर ०, बटणाच्या कोपऱ्यात बारीक छापलेलं. विंडोजमध्ये नमलॉक सगळ्या कीबोर्डांचं मिळून एकच, बाहेरच्या पॅडवर चालू केलं की आतलंही चालू झालं. इलाज म्हणजे लॅपटॉपवर अक्षरं मारताना नमलॉक बंद, किंवा असं पॅड घ्या जे स्वतःचं नमलॉक वेगळं सांभाळते. पण त्यातही पाहून घ्या, काही स्वस्तातले पॅड हे वेगळेपण असं साधतात की प्रत्येक आकड्याच्या आधी नमलॉक चालू आणि नंतर बंद करतात, दिवा सारखा फडफडताना दिसते, आणि भराभर मारलं की मधला एखादा आकडा गिळते. दुकानातच ७१५०७१५०७१५० असं जोरात मारून पहा, मोजा किती आले.

वेगळ्या पॅडचा खरा फायदा म्हणजे ते कुठंही ठेवता येते. कागदाचं काम असलं की उजवीकडं, माउसचं काम आलं की बाजूला सारा. काही लोक ते डावीकडं ठेवतात आणि डाव्या हातानं आकडे शिकतात, म्हणजे उजव्या हातात पेन राहते, पावतीवर टिक मारायले, आणि माउसही तिथंच. मी करून पाहिलं, माझं जमलं नाही, वय झालं. पण ज्याले आत्ता शिकायचंच आहे त्यानं डावीकडूनच शिकावं असं माझं प्रामाणिक मत आहे. काही पॅडवर ००चं बटण असते, लाखांच्या रकमेले बरं पडते, मात्र दोनदा दाबलं गेलं की दिवाणजींचा नऊ आठवा, शंभरपटीचा फरकही नऊच्या पटीतच येते.

छोट्यात छोटा कीबोर्ड, ज्यात F1 ते F12 ची ओळच नाही, तो टॅलीवाल्यानं घेऊच नये. पेमेंट F5, रिसीट F6, जर्नल F7, सेल्स F8, पर्चेस F9, तारीख F2, दिवसभर हेच चालते, आणि प्रत्येक वेळी दोन बटणं धरून बसायचं का? नुसतं नंबरपॅड काढलेला कीबोर्ड घेतला तर ही ओळ राहते, बाण राहतात, पेज अप-डाउन राहते, तेवढा चालून जाते. आणि एक प्रकार असा येतो ज्यात नंबरपॅड आहे पण सगळं एकमेकाले चिकटवून टाकलं आहे, मधली मोकळी जागाच नाही. जागा वाचते खरी, पण न पाहता मारणाऱ्याले ती मोकळी पट्टीच हाताले खूण देते, शून्याच्या बाजूले उजवा बाण येऊन बसला की अंगठा त्याच्यावर जाते. घ्यायचा असंल तर आधी कोणाचा तरी वापरून पहा.

एक्सेलवाल्यांना नंबरपॅडवर टॅबचं बटण नसल्याचा राग येते, कारण एन्टर मारला की कर्सर खाली जाते आणि आपल्याले उजवीकडच्या रकान्यात जायचं असते, मग डावा हात टॅबसाठी परत कीबोर्डवर, म्हणजे जे वाचवलं होतं ते गेलं. दोन मार्ग आहेत. एका ओळीतले जेवढे रकाने भरायचे तेवढे आधी निवडून घ्या, मग एन्टर त्या निवडलेल्या रकान्यांतच उजवीकडं फिरते. किंवा एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड मध्ये जाऊन एन्टरची दिशा उजवी करून टाका. आणि बेरजेसाठी बरोबरचं चिन्ह शोधत बसू नका, नंबरपॅडवरूनच

```
+120+340+75
```

असं मारून एन्टर करा, एक्सेल अधिकच्या चिन्हानं सुरू झालेलं सूत्र घेते, उत्तर ५३५ येते आणि सेलवर परत गेलं की तिन्ही आकडे वेगवेगळे दिसतात. हमालीचे तुकडे-तुकडे एकाच सेलमध्ये टाकायले मी हेच करतो.

घेताना शेवटचं पहायचं ते नंबरपॅडचं एन्टर, अधिक आणि शून्य. ही तीन बटणं बाकीच्यांपेक्षा दुप्पट लांब, त्यामुळं कोपऱ्यावर दाबलं की स्वस्त कीबोर्डात तिरपी होऊन अडकतात. एन्टर तर करंगळीनं खालच्याच टोकाले दाबला जाते. दुकानदार मधोमध दाबून दाखवते, तुम्ही चारही कोपऱ्यांवर दाबून पहा. आणि जिनिंगमध्ये बसणार असाल तर रुईचे तंतू पहिल्यांदा याच तीन बटणांखाली जातात, आमचा पोरगा आता दर शनिवारी कीबोर्ड उलटा करून झटकते आणि त्याचा तो गोंडस खटखटवाला घरी ठेवलाय, बहिणीले टायपिंगच्या परीक्षेसाठी.